आठ टक्के आणि एक रिकामा महिना

शंभराला बाराने भागलं की ८.३३ येतात. भाड्याने दिलेला फ्लॅट वर्षातून एक महिना रिकामा राहिला, तर वर्षाच्या भाड्यातले बरोबर तेवढे टक्के बुडाले. आता हैदराबादेत तुमच्या माघारी फ्लॅट सांभाळणाऱ्या प्रॉपर्टी मॅनेजरला दर विचारा. पाच ते दहा टक्क्यांच्या मधला, बहुधा आठच्या आसपासचा आकडा कानावर येईल. मॅनेजरची वर्षभराची फी आणि एक रिकामा महिना यांचं वजन जवळजवळ सारखं भरतं. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पण एकदा लक्षात आलं की भाड्याचा सगळा हिशोब वेगळाच दिसू लागतो.

घर स्वतः बघायचं की माणूस नेमायचा, हा प्रश्न आपण साधारणपणे फी विरुद्ध वेळ असा मांडतो. तराजूत तिसरीही एक गोष्ट असते, ती म्हणजे कुलूप लागलेला दिवस. महिना ३०,००० रुपये भाड्याच्या फ्लॅटचा एक रिकामा दिवस हजार रुपयांना पडतो. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही. मॅनेजरची फी मात्र दर महिन्याला खात्यातून जाताना दिसते आणि खुपते.

पूर्वी हैदराबादच्या मराठी घरमालकाला हा प्रश्नच पडत नसे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नोकरी, वकिली, व्यापार यांच्या निमित्ताने आलेली मराठी घरं काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत वसली. मालक वर राहायचा, भाडेकरू खाली, आणि भाडं जिन्यातच हातात पडायचं. नळ गळतोय हे मालकाला भाडेकरूच्या आधी कळे. पुढे शहर पश्चिमेला माधापूर, कोंडापूर, गच्चीबावलीकडे पसरलं, आयटीतल्या मराठी मुलांनी तिथे फ्लॅट घेतले आणि काही वर्षांनी ती पुण्याला किंवा परदेशी निघून गेली. फ्लॅट मागे राहिला. मॅनेजर हा धंदा या अंतरातून जन्माला आला, म्हणून उत्तरही बरंचसं त्या अंतरावरच ठरतं.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, पुण्याला परतलेल्या एका जोडप्याचा कोंडापूरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. भाडं ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. मॅनेजर आठ टक्के मागतो, ते झाले २८,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३३,९८४. शिवाय नवा भाडेकरू आणून दिला की अर्ध्या महिन्याचं भाडं वेगळं, जीएसटीसह १७,७००. भाडेकरू दोन वर्षं टिकला तर ही रक्कम दोन वर्षांत वाटली जाते. एकूण वर्षाला ४२,८३४ रुपये होतात, म्हणजे जवळपास बारा टक्के. आठ म्हणता म्हणता बारा झाले, आणि यात लपवाछपवी काहीच नाही. कोटेशनवर सगळं लिहिलेलं असतं, आपणच पहिला आकडा वाचून थांबतो.

इथे आयकराची एक गंमत आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केला की उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तुम्ही रुपया खर्च केलात की लाख, याच्याशी तिचा संबंध नाही. २००१ च्या वित्त कायद्याने हे ३० टक्के आणले. त्याआधी एक चतुर्थांश वजावट मिळे, आणि ती घराची दुरुस्ती व भाडेवसुली या दोन्ही कामांसाठी आहे असं कलमातच लिहिलेलं होतं. म्हणजे वसुलीचे कष्ट कायद्याला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहेत, फक्त त्याने ते मोजणं सोडून दिलं. याचा आपल्यापुरता अर्थ असा की मॅनेजरची फी वेगळी वजा होत नाही. मॅनेजर ठेवा किंवा ठेवू नका, करपात्र रक्कम तीच राहते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने वाचवलेली फी म्हणजे जवळजवळ करमुक्त कमाईच. नोकरीतल्या एका तासाशी त्याची तुलना करायची, तर पगारातून कर गेल्यावर उरतं त्याच्याशी करायला हवी.

आता वेळ. वेळेबद्दल आपली समजूत अशी की घर सांभाळणं ही रोज थोडी थोडी चालणारी कटकट आहे. प्रत्यक्षात भाडेकरू नीट बसलेला असताना फारसं काही घडतच नाही. भाडं यूपीआयने येतं, महिन्याकाठी एखादा फोन, एप्रिलमध्ये महापालिकेचा मालमत्ता कर. हा कर एप्रिलअखेरपर्यंत वर्षाचा एकदम भरला की पाच टक्के सूट मिळते आणि तो घरबसल्या भरता येतो. माझ्या अंदाजाने अशा शांत वर्षात सगळं मिळून बारा तास लागतात. पण भाडेकरू बदलतो त्या तीन आठवड्यांत चाळीस तास कुठे जातात ते कळत नाही. जुन्याबरोबर घर फिरून बघायचं, अनामतीचा हिशोब, रंग, साफसफाई, जाहिरात, फोन, घर दाखवणं, करार, चाव्या.

वेळ असा ढिगाने येत असल्यामुळे निर्णय भाडेकरू किती टिकतो यावर येऊन ठेपतो. पुण्याच्या जोडप्याने स्वतः बघायचं ठरवलं, तर प्रत्येक बदलाला दोन खेपा कराव्या लागतील. एका खेपेला प्रवास आणि मुक्काम मिळून सहा हजार धरू. लांबून बघितल्यामुळे फ्लॅट मॅनेजरपेक्षा पंचवीस दिवस जास्त रिकामा राहिला असंही धरू, म्हणजे २५,००० बुडाले. हे सगळं मॅनेजरच्या फीतून वजा करून उरलेल्या पैशाला स्वतःच्या तासांनी भागलं की आपल्या कष्टांना तासाला काय मोल पडलं ते निघतं.

भाडेकरू दोन वर्षं राहिला तर हे मोल तासाला साधारण ७६० रुपये येतं, तोच चार वर्षं टिकला तर १,३२५, आणि दरवर्षी बदलला तर जेमतेम २८०. फ्लॅट, फी आणि शहर यांतलं काहीही बदललेलं नाही, बदलला तो फक्त भाडेकरूचा मुक्काम. हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला तीनदा तपासावा लागला, कारण एवढा फरक पडेल असं वाटत नव्हतं. हेच जोडपं हैदराबादेत, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहत असतं, तर दोन वर्षांच्या भाडेकरूतच तासाला तेराशेच्या वर पडले असते. खेपा नाहीत आणि फ्लॅट उगाच रिकामा राहण्याचं कारण नाही.

आता मॅनेजरच्या बाजूने बघा. त्याला या फ्लॅटचे महिन्याला २,४०० मिळतात. त्यात ऑफिस, फोन आणि दुचाकीवरून फिरणारा मुलगा. तो मुलगा कुकटपल्लीहून गच्चीबावलीला एकदा जाऊन आला की अर्धा दिवस गेला. एका मुलाच्या गळ्यात बरेच फ्लॅट बांधल्याशिवाय हा धंदा चालतच नाही. मोठ्या प्रमाणावरही तो सोपा नाही. नेस्टअवे ही कंपनी २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि हैदराबादेतही आली. टायगर ग्लोबल, गोल्डमन सॅक्स यांच्यासारख्यांनी तिच्यात पैसे घातले. २०२३ मध्ये ऑरम प्रॉपटेकने ती सुमारे ९० कोटी रुपयांना घेतली, म्हणजे गुंतवणूकदारांनी ओतलेल्या पैशाच्या मानाने फार थोडक्यात. म्हणून मॅनेजर महिन्यातून एकदा घरी जाऊन बघतो, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. बहुतेक दिवस तो फोनच करतो, आणि फोन पुण्याहूनही लागतो.

फोनवर किती काम होतं ते एका गीझरवरून सांगतो. हैदराबादेतल्या टू-लेट जाहिरातींमध्ये ‘मंजीरा वॉटर’ असं ठळक लिहिलेलं असतं. ही मंजीरा म्हणजे आपली मांजरा, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी. आज शहराला कृष्णा-गोदावरीचंही पाणी येतं, पण सरकारी नळाचं गोडं पाणी म्हणजे मंजीरा ही ओळख टिकून आहे. जाहिरातीत ते लिहावं लागतं, कारण पश्चिमेकडच्या पुष्कळ इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला क्षार गीझरच्या तापणाऱ्या नळीवर, म्हणजे एलिमेंटवर, पांढऱ्या खरखरीत थरासारखा चढतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट स्वतःच तापून तडकतो.

सकाळी भाडेकरूचा फोन येतो, ‘सर, गीझर खराब झाला.’ लगेच माणूस पाठवू नका, आधी एक प्रश्न विचारा. बटण दाबल्यावर एमसीबी पडतो का? पडत असेल तर बहुधा एलिमेंट फुटून पाण्यात वीज उतरते आहे, बटण बंद ठेवायला सांगा आणि इलेक्ट्रिशियनला एलिमेंट घेऊनच यायला सांगा. एमसीबी पडत नाही, दिवा लागतो, पण पाणी गारच, तर संशय थर्मोस्टॅटवर किंवा आतून तुटलेल्या एलिमेंटवर. पाणी तापतं पण पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणजे बहुधा क्षाराचा थर, सर्व्हिसिंग करून भागेल. या तिन्ही गोष्टी काही शे ते हजारभर रुपयांत होतात, नवा गीझर घ्यायचा तर काही हजार मोजावे लागतात. जो मॅनेजर न विचारता नवा गीझर बसवून बिल पाठवतो, त्याला हा प्रश्न सुचला नव्हता किंवा सुचून उपयोगाचा नव्हता. म्हणून करारात एक मर्यादा घालून घ्यावी. दोन हजारांच्या वरचं कोणतंही काम मालकाच्या होकाराशिवाय करायचं नाही, आणि काढलेल्या जुन्या भागाचा फोटो बिलासोबत पाठवायचा. फोटोची अट क्षुल्लक वाटते, पण तिच्याने बिलं आश्चर्यकारक शहाणी होतात.

हैदराबादेत आणखी एक मॅनेजर असतो, त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्ड नसतं. तो म्हणजे इमारतीचा वॉचमन. लहान आणि मध्यम इमारतींमध्ये तो तळमजल्यावर, पार्किंगच्या कडेच्या खोलीत बायको-मुलांसह राहतो. गेटवरच्या टू-लेट पाटीवरचा नंबर पुष्कळदा त्याचाच असतो. रिकाम्या फ्लॅटची चावी त्याच्याकडे, मोटर कधी चालू करायची ते त्याला ठाऊक, आणि कोणाकडे रात्री किती जण येतात हे त्याच्या बायकोला ठाऊक. भाडेकरू मिळवून दिला की त्याला काही हजार द्यायचे असतात आणि ते दिलेच पाहिजेत. पण तो करार लिहू शकत नाही, अनामतीवरून भांडण झालं तर मधे पडू शकत नाही, आणि ज्याला फ्लॅट दाखवतो तो भाडेकरू कसा निघेल याची त्याला पर्वा असण्याचं कारण नाही. मोठ्या गेटेड कम्युनिटीत हा मार्गही बंद होतो. तिथे गेटवर मायगेट, मूव्ह-इनचे अर्ज, असोसिएशनची परवानगी, आणि सुरक्षारक्षक एजन्सीचे, दर काही महिन्यांनी बदलणारे.

रिकाम्या दिवसांकडे परत येऊ. करार अकरा महिन्यांचा का करतात ते बहुतेकांना माहीत असतं. १९०८ च्या मूळ नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला अकरा; इथे राज्याच्या दुरुस्तीनंतर कोणत्याही मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत असला तरी सवय तीच राहिली. पण या अकराचा एक दुष्परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक करार मागच्यापेक्षा एक महिना अलीकडे संपतो. सप्टेंबरला सुरू झालेला जुलैअखेर संपतो, तोच नवा केला तर पुढचा जूनअखेर. कराराची शेवटची तारीख वर्षभरातून उलटी सरकत राहते आणि कधी ना कधी आषाढावर येऊन बसते.

तेलुगू पंचांग आणि आपलं पंचांग एकाच शकाचं, दोन्ही अमावास्येला महिना संपवणारी. आषाढात तिकडची कुटुंबं नव्या घरात पाऊल टाकायला नाखूश असतात. आयटीतल्या एकट्या मुलांना फरक पडत नाही, पण दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक कुटुंबाचंच. २०२६ सालात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढ जुलैच्या मध्याला सुरू होऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. १ सप्टेंबर २०२५ ला केलेला अकरा महिन्यांचा करार ३१ जुलै २०२६ ला, म्हणजे ऐन आषाढात संपणार. त्या दिवशी घर सोडलं गेलं तर जवळजवळ दोन आठवडे, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, पंचांगाने नेले. त्याउलट तेलंगणातल्या शाळा जूनमध्ये उघडतात. एप्रिल-मे मध्ये रिकामं झालेलं घर कुटुंबं शोधतच असतात. मालकाने करार एकदा नऊ किंवा दहा महिन्यांचा करून शेवट एप्रिलवर आणून ठेवला, तर जे मॅनेजर वर्षभराच्या फीत देत नाही ते एका तारखेने मिळतं.

नोटिशीचा काळ हाही असाच फुकटचा वेळ आहे. करारात दोन महिन्यांची नोटीस आणि त्या काळात नव्या माणसांना घर दाखवू देण्याची अट असेल, तर जुना भाडेकरू भाडं देत असतानाच नवा ठरतो. ही अट विसरून पुढे भाडं दोन हजारांनी वाढवायच्या हट्टापायी महिनाभर थांबणारे मालक मी पाहिले आहेत. बुडालेले तीस हजार महिन्याला दोन हजारांनी परत यायला पंधरा महिने लागतात, तोवर अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो.

मॅनेजर आणि मालक यांच्यातली खरी फट इथेच दिसते. भाडेकरू टिकला तर मॅनेजरला महिन्याला २,४००, बदलला तर एकदम १५,०००, म्हणजे सहा महिन्यांच्या फीहून जास्त. तुम्हाला हवा टिकणारा भाडेकरू, त्याला बदलणारा भाडेकरू फारसा टोचत नाही. तो वाईट माणूस आहे असं मुळीच नाही, पण भाडेकरू कुरकुरत असताना त्याला थांबवण्यासाठी तो जिवाचं रान करणार नाही. ही फट करारात बुजवता येते. फी फक्त खात्यात आलेल्या भाड्यावर, रिकाम्या महिन्यावर नाही. अकरा महिन्यांच्या आत भाडेकरू गेला तर दुसरा आणायचे पैसे नाहीत. या दोन वाक्यांवर जो मॅनेजर खळखळ न करता सही करतो, त्याला स्वतःच्या कामावर भरवसा आहे.

पैशाचा रस्ता मात्र कोणाच्याही भरवशावर सोडू नये. भाडं भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात यावं, अनामत मालकाकडेच राहावी, आणि मॅनेजरने आपल्या फीचं बिल पाठवावं. भाडं आधी मॅनेजरकडे आणि मग फी कापून आपल्याकडे, हा उलटा रस्ता सोयीचा म्हणून सांगितला जातो. तो मॅनेजरच्या सोयीचा असतो. भाडेकरूच्या जागी कराराखाली मॅनेजरच्या कंपनीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. अशा वेळी फ्लॅट कंपनी भाड्याने घेते आहे आणि ती तो खोली-खोलीने पुढे देऊ शकते. ‘हमखास भाडं’ या आमिषामागे बऱ्याचदा हेच असतं.

असं काही चाललं आहे का, हे लांबून कळायला वीजबिलासारखं साधन नाही. दक्षिण तेलंगणाच्या वीज कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या वीजजोडणीचा क्रमांक घातला की महिन्याचं बिल दिसतं. तिथे रकमेआधी युनिट बघा. मॅनेजर म्हणतो फ्लॅट दीड महिना रिकामा होता आणि मीटर म्हणतो १४० युनिट, तर त्या दीड महिन्यात कोणीतरी तिथे राहत होतं. तिघांच्या कुटुंबाला दिलेल्या घरात जानेवारीतही, एसी बंद असताना, युनिट अडीचपट झाले, तर माणसं वाढली आहेत. रिकाम्या घराचे युनिट शून्याच्या आसपास हवेत. मीटर कोणाच्या बाजूचा नसतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून आपल्या रिकाम्या घरात कोणी दिवा लावला का ते महिन्याच्या महिन्याला कळतं आणि त्यासाठी एक पैसा पडत नाही.

परदेशातल्या मालकाचा हिशोब वेगळा आहे. मालक भारतात राहत असेल तर ५०,००० पर्यंतच्या मासिक भाड्यावर साध्या भाडेकरूला टीडीएस कापावा लागत नाही. त्यापुढेही ऑक्टोबर २०२४ पासून दर दोनच टक्के आहे. मालक अनिवासी असला की पहिल्या रुपयापासून कापायचा, उपकर धरून ३१.२ टक्के, आणि त्यासाठी भाडेकरूने स्वतःचा टॅन काढायचा. हे ऐकल्यावर पुष्कळ भाडेकरू शेजारचा फ्लॅट बघायला जातात. न्यू जर्सीत बसून रात्री अकराला हे समजावत राहण्यापेक्षा, ज्याने अशी कागदपत्रं आधी केली आहेत त्या माणसाला आठ टक्के देणं स्वस्त पडतं. त्याला अधिकारपत्र द्यायचं ते फक्त भाडेकरार करणं, ताबा देणं-घेणं आणि बिलं भरणं एवढ्यापुरतं. विक्रीचा किंवा गहाणाचा शब्दही त्यात नको, मग माणूस कितीही घरचा असो. वकिलातीत साक्षांकित केलेला कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे राहून जातं.

भाड्याची घरं सांभाळण्याच्या या धंद्याला परवाना लागत नाही, ही गोष्ट इथे नोंदवायला हवी. रेरा विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या नाही. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात प्रॉपर्टी मॅनेजरची कामं आणि चुकल्यास भाडे न्यायालयाने काय करावं हे लिहिलं आहे, पण तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. मॅनेजरशी झालेला तुमचा करार हाच तुमचा कायदा.

तेव्हा माझं मत सांगतो. हैदराबादेतच राहत असाल तर मॅनेजर नको. वॉचमनला त्याचे पैसे द्या आणि बाकीचं स्वतः करा. पुणे, नांदेड, सोलापूर एवढ्या अंतरावर असाल तर वर्षभराचा मॅनेजरही नको. भाडेकरू बदलताना लागणारं तीन आठवड्यांचं काम तेवढं एखाद्या चोख एजंटला ठरलेल्या रकमेत द्या, मधले महिने फोनवर निभतात. भाडेकरू दरवर्षी पळत असेल तर मॅनेजरच्या आधी भाड्याचा आकडा आणि बोअरचं पाणी तपासा. परदेशात असाल तर मॅनेजर ठेवाच, पण अनामत, भाड्याचं खातं आणि वीजजोडणीचा क्रमांक स्वतःकडे ठेवा. आणि मॅनेजर असो वा नसो, चालू कराराची शेवटची तारीख आज पंचांगात बघून ठेवा. आषाढात येत असेल तर ती हलवायला भाडेकरूशी आत्ताच बोलणं सोपं जाईल, नोटीस आल्यावर नाही.